कार्टेशियन ट्री एका फेरीत कसा बांधला - माझा अनुभव

गेल्या काही दिवसांत कार्टेशियन ट्री नीट समजून घेतला, म्हणजे नुसता कोड पाठ नाही तर तो बांधणाऱ्या कोडमध्ये स्टॅक का आहे हे कळेपर्यंत, आणि आता लिहून काढतोय कारण मराठीत यावर मला फारसं काही सापडलं नाही.

आधी ट्री म्हणजे काय ते. एक ॲरे घ्या. त्यातला सगळ्यात लहान आकडा रूट, त्याच्या डावीकडच्या आकड्यांचा तसाच ट्री हे डावं पोर, उजवीकडच्यांचा ट्री हे उजवं पोर, झालं. यातून दोन गोष्टी आपोआप मिळतात: इनऑर्डर फिरलं की मूळ ॲरे जसाच्या तसा परत येतो, आणि कुठलाही बाप आपल्या पोरांपेक्षा मोठा नसतो. (सगळ्यात मोठा आकडा रूटला ठेवणाराही प्रकार असतो, फक्त तुलनेची खूण उलटी करायची.) ही रचना व्हियेमाँ यांनी १९८० मध्ये मांडली आणि पुढे १९८४ च्या गॅबो, बेंटली आणि टार्जन यांच्या पेपरात ती लिनियर टाइममध्ये बांधायची रीत आली.

सुरुवातीला मी व्याख्येवरूनच रिकर्सिव्ह कोड लिहिला, मिनिमम शोध, दोन तुकडे कर, दोन्हीकडे तेच परत. हा कोड मी अजून जपून ठेवलाय, का ते पुढे येईलच. पण चढत्या क्रमाने लावलेला ॲरे दिला की प्रत्येक वेळी एकच आकडा सुटतो आणि बाकी सगळे पुन्हा तपासावे लागतात, म्हणजे २ लाख आकडे असले तर जवळपास २ हजार कोटी तुलना. पायथॉनमध्ये तर त्याच्या आधीच रिकर्शनची मर्यादा आडवी येते, ती मुळात १००० च असते.

मग प्रश्न उलटा करून बघितला आणि तिथेच खरी गाठ सुटली. पहिल्या काही आकड्यांचा ट्री तयार आहे असं धरा, आता उजवीकडून एक नवा आकडा आला, तर तो ट्रीमध्ये कुठे कुठे बसू शकतो? इनऑर्डरमध्ये तो सगळ्यात शेवटी यायला हवा कारण ॲरेमध्ये तो शेवटचा आहे. आणि इनऑर्डरमध्ये शेवटी येणारा नोड म्हणजे रूटपासून उजवं पोर, त्याचं उजवं पोर, असं जात जात जिथे थांबतो तो. म्हणजे नव्या आकड्याची जागा या उजव्या कडेवरच कुठेतरी असणार, ट्रीच्या आतल्या भागाशी त्याचा काही संबंधच नाही. या कडेवर वरून खाली आकडे लहानाकडून मोठ्याकडे जातात, म्हणून नवा आकडा कडेच्या टोकापासून वर चढत जातो, आपल्यापेक्षा मोठे सगळे ओलांडतो आणि पहिला लहान किंवा बरोबरीचा भेटला की त्याचं उजवं पोर होऊन बसतो. ओलांडलेला सगळा भाग ॲरेमध्ये त्याच्या आधीचा आहे, म्हणून तो त्याच्या डाव्या बाजूला जातो.

आता स्टॅक कुठून आला ते दिसतं, ही उजवी कड हाच स्टॅक. तळाशी रूट, वर कडेचं टोक. एवढं डोक्यात बसलं की कोड पाठ करायची गरज राहत नाही.

```python
def build(a):
    n = len(a)
    left, right = [-1]*n, [-1]*n
    st = []
    for i in range(n):
        last = -1
        while st and a[st[-1]] > a[i]:
            last = st.pop()
        left[i] = last
        if st:
            right[st[-1]] = i
        st.append(i)
    return st[0], left, right
```

स्टॅकमध्ये आकडे नाही, इंडेक्स ठेवायचे. रिकामा ॲरे आला तर शेवटच्या ओळीत `st[0]` फुटेल, तो आधीच वेगळा काढा.

मी वहीवर `[4, 7, 9, 2, 6, 3, 5]` घेऊन हाताने चालवलं, तुम्हीपण चालवा, वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा बरंच जास्त कळतं. इंडेक्स ० पासून, पण बोलताना मी आकडेच म्हणतो. ४ आला, स्टॅक रिकामा, तो एकटा बसला. ७ आला, वर ४ आहे आणि तो लहान, म्हणून ७ हे ४ चं उजवं पोर. तसंच ९ हे ७ चं उजवं पोर. आता स्टॅक खालून वर ४, ७, ९. मग आला २. ९ मोठा, काढला. ७ मोठा, काढला. ४ मोठा, काढला. स्टॅक रिकामा झाला, शेवटी निघालेला ४, तोच २ चं डावं पोर. इथे एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे: तीन नोड बाहेर आले पण डावं पोर म्हणून एकच जोडला, मग ७ आणि ९ चं काय? ते कुठेच हरवले नाहीत, ७ हा ४ चा उजवा आणि ९ हा ७ चा उजवा हे दुवे आधीच होते आणि त्यांना आपण हात लावला नाही. अख्खी साखळी ४ ला धरून २ च्या डाव्या बाजूला गेली, दुवा मात्र एकच बदलला.

पुढे ६ आला, २ चं उजवं पोर झाला. मग ३ आला, ६ मोठा म्हणून काढला, तो ३ चं डावं पोर. स्टॅकवर आता २ आहे, तो लहान, म्हणून २ चं उजवं पोर ३. इथे २ चं उजवं पोर आधी ६ होतं ते पुसलं गेलं आणि त्या जागी ३ आला, हे पुसलं जाणं गरजेचंच आहे. शेवटी ५ हे ३ चं उजवं पोर. स्टॅकमध्ये उरले २, ३, ५, आणि तळाचा २ हा रूट. इनऑर्डर लिहून बघा, ४ ७ ९ २ ६ ३ ५, जुळलं.

बऱ्याच जणांच्या कोडमध्ये गडबड होते ती नेमकी ३ च्या पायरीवर. काहीजण असं लिहितात की पॉप झालं तर डावं पोर जोड, `else` उजवं पोर जोड. वाचायला ठीक वाटतं, पण दोन्ही कामं एकाच फेरीत करावी लागू शकतात. त्या `else` मुळे ६ हा ३ चं डावं पोर होतो आणि २ चं उजवं पोरही ६ च राहतो, एका नोडला दोन बाप, आणि रूटपासून फिरलं तर फक्त ४ ७ ९ २ ६ मिळतात, ३ आणि ५ गायब. म्हणून इनऑर्डर काढून लांबी आणि क्रम तपासणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे, शिवाय प्रत्येक नोडसाठी बाप मोठा नाही ना एवढं बघायचं. फक्त ते फिरणंही लूप आणि स्टॅक वापरून करा, कारण चढत्या ॲरेचा ट्री ही सरळ एक लांब साखळी असते आणि रिकर्सिव्ह इनऑर्डर तिथे कोसळतो.

लूपच्या आत लूप बघून हे n चा वर्ग वाटतं, मलाही आधी खात्री नव्हती म्हणून मोजलं. प्रत्येक इंडेक्स एकदाच पुश होतो, आणि बाहेर निघाला तर परत येत नाही, त्यामुळे सगळे पॉप मिळून n पेक्षा जास्त होऊच शकत नाहीत. तुलना दोनच प्रकारच्या, पॉप करवणारी किंवा `while` थांबवणारी, आणि थांबवणारी एका फेरीत जास्तीत जास्त एक, म्हणून एकूण 2n च्या आत. वरच्या उदाहरणात ४ पॉप झाले आणि थांबवणाऱ्या तुलना ५, एकूण ९, मर्यादा होती १४. एखाद्या फेरीत खूप पॉप होतील, होऊ देत, ते नोड आधीच्या फेऱ्यांमध्ये एकेक करून आलेले असतात आणि आता कायमचे जातात.

सारखे आकडे आले की `>` आणि `>=` मधला फरक दिसतो. `[2, 2, 2]` ला `>` लावलं तर उजवीकडे उतरणारी साखळी मिळते, डावीकडचा २ रूट होतो. `>=` लावलं तर उलट, शेवटचा २ रूट आणि साखळी डावीकडे. दोन्ही ट्री व्याख्येत बसतात, पण दोन ॲरेंच्या ट्रींचा आकार सारखा आहे का असं तपासायचं असेल तर एकच नियम धरून राहायला लागतं. इथे माझा जुना हळू कोड कामी आला. त्यात मिनिमम शोधताना बरोबरीत डावीकडचा घेतला होता, म्हणून `>` वाल्या कोडशी तो हुबेहूब जुळायला हवा, मग छोटे छोटे रँडम ॲरे, त्यात आकडे मुद्दाम १ ते ३ मधलेच म्हणजे बरोबरी भरपूर, आणि दोघांचे `left`, `right` ताडून बघितले. मोठ्या रँज मधले आकडे घेऊन टेस्ट केली तर बरोबरी येतच नाही आणि `>` च्या जागी `>=` लिहिल्याची चूक लपून राहते.

मला सगळ्यात आवडलेला भाग यानंतरचा. नोड पॉप होतो त्या क्षणी त्याचा सबट्री पक्का झालेला असतो, त्यात पुढे काही येणार नाही. त्याची उजवी हद्द i-1, आणि डावी हद्द म्हणजे स्टॅकमध्ये त्याच्या खाली असलेल्या इंडेक्सच्या पुढचा इंडेक्स, खाली कोणी नसेल तर ०. आकड्यांना पट्ट्यांची उंची समजा आणि सगळ्यात मोठा आयत शोधायचाय म्हणा (हिस्टोग्रामचा नेहमीचा प्रश्न), तर उंची गुणिले या हद्दीची रुंदी, बस. २ आला तेव्हा ९ निघाला, रुंदी १, आयत ९. ७ निघाला, रुंदी २, आयत १४. ४ निघाला, रुंदी ३, आयत १२. पुढे ६ चा ६. शेवटी स्टॅकमध्ये उरलेल्यांची उजवी हद्द ॲरेचं टोक, म्हणून ५ चा ५, ३ चा रुंदी ३ म्हणून ९, आणि २ चा रुंदी ७ म्हणून १४. उत्तर १४, आणि ते दोन ठिकाणी मिळतं. हिस्टोग्रामचा स्टॅकवाला कोड मी आधी कितीदा तरी वापरला होता, तो मुळात हाच ट्री बांधतो, फक्त दुवे लिहून ठेवत नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा, हे सगळं नवे आकडे उजव्या टोकाला जोडले जातात तेव्हाच चालतं. मधलाच एखादा आकडा बदलायचा असेल तर हा स्टॅक उपयोगाचा नाही, कारण त्याच्याकडे फक्त उजवी कड असते आणि बदल आतल्या कुठल्याही नोडवर होऊ शकतो. तिथे ट्रीप किंवा सेगमेंट ट्रीकडे जायचं.