माळकरी वडील आणि वायनरी

"दारू न पिणाऱ्या वडिलांना घेऊन नाशिकच्या वायनरीत कशाला जाता? आणि जायचंच तर कधी?"

जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. पावसाळ्यात सगळं हिरवंगार दिसतं म्हणून लोक ऑगस्टमध्ये जातात आणि द्राक्षं कुठेत विचारतात. अहो, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नुसत्या काड्या तयार होतात, फळ येतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर.

आता वडील. पहिल्या वेळी मी माती खाल्ली. फेब्रुवारीतला शनिवार, एका दिवसात तीन टेस्टिंग. आम्ही आत शिरलो आणि बाबा, माळकरी माणूस, म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी गाडीत बसतो." मी पण बरं म्हणालो, हेच मला अजून खुपतं. दीड तास बसले ते, काच खाली करून, रुमाल डोक्यावर टाकून. तिकडे आत प्रत्येक वाईन साधारण 30 मिली, पाच वाईन म्हणजे दीडशे मिली, म्हणजे एका जागी भरलेला एक ग्लास, तीन जागी तीन, तेही उन्हात आणि पोटात नुसता वडापाव. चौथ्या-पाचव्यानंतर जिभेला काही कळत नव्हतं, तरी मी मान डोलवत होतो. ड्रायव्हर ठेवला होता हीच काय ती अक्कल. परतताना कसारा घाटात भाऊजींना उलटी झाली, बाबा मागे वळून काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा मी स्वतःला सांगायचो, त्यांना नकोच होतं तर मी काय करणार? पण विचारलंच कुठे होतं.

पुढच्या वर्षी आठवड्याच्या मधल्या वारी गेलो, मुक्काम केला, आधी फोन करून काढणी कुठल्या दिवशी आहे ते विचारलं. ऊन चढायच्या आत माल काढतात, म्हणून सात वाजता बागेत. बाबांनी वाईनचं द्राक्ष तोंडात टाकलं, "बारीक आहे, साल जाड, बियाच बिया, पण गोड किती!" तिथल्या माणसाने रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून डोळ्याला लावायला दिला, साखर 23 टक्क्यांच्या आसपास. मग छाटणी कधी केली, डावणी रोगाला काय मारता, अर्धा तास हेच, मी बाजूला उभा. टेस्टिंग दिवसाला एकच, पोटभर नाश्ता करून साडेअकराला, सोबत पाणी, न आवडलेली वाईन भांड्यात थुंकायची (लाज कसली, तेवढ्यासाठीच असतं ते). तेवढा वेळ बाबा आमच्याच टेबलावर, द्राक्षाचा रस घेऊन.

आणि तरीही परतताना म्हणाले, "एवढी गोड द्राक्षं, खायची सोडून कुजवतात कशाला?" मी कुजवणं आणि आंबवणं यातला फरक सांगायला लागलो, ते खिडकीबाहेर बघत होते. यंदा विचारलंय त्यांना. "बघू" म्हणालेत.