गेमने खाल्लेला डेटा गेमच्या नावावर दिसत का नाही? माझा अनुभव

रोजचा 1.5 जीबीचा प्रीपेड प्लॅन आणि फोनमध्ये एक मोठा शूटिंग गेम. गेमचं अपडेट आलं की त्या दिवशी दुपारीच डेटा संपल्याचा मेसेज यायचा. सेटिंग्जमध्ये बघावं तर गेमच्या नावापुढे वाढलेले जेमतेम 360 एमबी. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: "तुमचे ॲप्स बॅकग्राउंडला डेटा वापरतात." कोणतं ॲप, किती डेटा, कुठे बघायचं, याबद्दल चकार शब्द नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण सगळा हिशोब फोनमध्येच असतो. फक्त तो दोन वेगवेगळ्या खात्यांवर पडलेला असतो.

अँड्रॉइड डेटा मोजतो तो ज्या ॲपने तो ओढला त्याच्या नावावर. मोठ्या गेमचं अपडेट दोन टप्प्यांत येतं. पहिला टप्पा प्ले स्टोअर उतरवतं, म्हणून तो प्ले स्टोअरच्या नावावर जातो. काही फोनवर, विशेषतः जुन्या, तो Download Manager च्या नावावरही दिसतो. दुसरा टप्पा गेम उघडल्यावर सुरू होतो: नकाशे, चांगल्या दर्जाचे ग्राफिक्स, आवाजाच्या फाइली. हे गेम बहुतेक वेळा स्वतःच्या सर्व्हरवरून ओढतो आणि तेवढंच त्याच्या नावावर दिसतं. ओळखायची खूण सोपी आहे. प्रगतीची पट्टी वरच्या नोटिफिकेशनमध्ये असेल तर खातं प्ले स्टोअरचं, गेमच्या स्क्रीनवर असेल तर बहुधा गेमचं. काही गेममध्ये पहिला टप्पा संपल्यावर, गेम न उघडताही, प्ले स्टोअर आणखी फाइली उतरवत राहतं. "इन्स्टॉल झालं" म्हणून निर्धास्त झालेला माणूस इथेच फसतो.

म्हणून अपडेटच्या आधी आणि नंतर तीन आकडे लिहून ठेवायचे: सिमचा एकूण वापर, प्ले स्टोअर आणि गेम. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात App data usage असं पान असतं. दोन सिम असतील तर नेट चालू असलेलंच सिम निवडलंय ना, ते बघा. हे पान सहसा महिन्याचा वापर दाखवतं, त्यामुळे आजचा वापर वजाबाकी करूनच कळतो.

उदाहरण घ्या. अपडेटपूर्वी प्ले स्टोअरपुढे 640 एमबी होते, नंतर 1.46 जीबी झाले, म्हणजे 820 एमबी वाढले. गेम 1.12 वरून 1.48 जीबीवर गेला, म्हणजे 360 एमबी. दोन्ही मिळून 1.18 जीबी. तेवढ्या वेळात सिमचा एकूण आकडा 1.31 जीबीने वाढला, तर उरलेले 130 एमबी व्हॉट्सॲप, यूट्यूब वगैरेंचे. दीड जीबीपैकी हातात दोनशे एमबीसुद्धा राहिले नाहीत, आणि केवळ गेमच्या ओळीवर विसंबणाऱ्याला यातले फक्त 360 एमबी दिसले असते. कंपनीच्या ॲपमधला आकडा याच्याशी तंतोतंत जुळत नाही आणि कधी उशिरा बदलतो. थोडा फरक सोडून द्या. फरक मोठा असेल तर एखादी ओळ नजरेतून सुटली आहे किंवा हॉटस्पॉट चालू राहिला आहे, कारण हॉटस्पॉटची ओळ वेगळी असते.

प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये Auto-update apps हा पर्याय Over Wi-Fi only वर ठेवा. वायफाय नसेलच, तर प्ले स्टोअरमध्ये Updates available च्या यादीत अपडेटचा आकार आधी बघा. पण तो आकडा फक्त पहिल्या टप्प्याचा. दुसऱ्या टप्प्याचा आकार गेमच्या आत, डाउनलोडच्या पानावर प्रत्येक पॅकसमोर लिहिलेला असतो. जो नकाशा खेळतच नाही, तो उतरवू नका.

आमच्या प्लॅनचा कोटा रात्री 12 ला नव्याने सुरू होतो. म्हणून पहिला टप्पा 12 च्या आधी, उरलेल्या कोट्यात उरकायचा आणि गेम उघडायचा 12 नंतर. अशाने ओझं दोन दिवसांत वाटलं जातं. कोटा संपल्यावर वेग 64 केबीपीएसवर आला, तर 100 एमबीलाच साडेतीन तासांच्या आसपास लागतात. तेव्हा अर्धवट डाउनलोड रेटत बसू नका, मोबाइल डेटा बंद करा.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं. गेम अडकला म्हणून Clear data दाबू नका. त्याने आत उतरवलेले सगळे पॅक पुसले जातात आणि पुन्हा तेवढाच डेटा जातो. गेम काढून परत टाकला तरी तेच होतं, शिवाय जुना वापर गेमच्या ओळीतून उठून Removed apps च्या नावाखाली जातो आणि तुमची वजाबाकी चुकते. नुसत्या खेळण्याला मात्र घाबरायचं कारण नाही. एका सामन्याला मोजकेच एमबी लागतात, व्हॉइस चॅट चालू असेल तर थोडे जास्त.