१५ ऑगस्टला कामावर: दुप्पट पगार घ्यावा की बदली सुट्टी?

बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी काम करतो. २०२५ चा १५ ऑगस्ट शुक्रवारी होता आणि ऑर्डर अडकल्यामुळे त्या दिवशी कामावर या असं सांगण्यात आलं. कर्नाटकात कारखान्यांना राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांचा १९६३ चा कायदा लागू होतो. त्यानुसार सुट्टीच्या दिवशी बोलवायचं तर किमान २४ तास आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ती फलकावर लावायची आणि एक प्रत निरीक्षकाला पाठवायची. सुपरवायझरने तोंडी सांगितलेलं पुढे कुणालाच आठवत नाही, म्हणून फलकावरच्या नोटिशीचा फोटो काढून ठेवला.

कामगारापुढे दोन पर्याय असतात: त्या दिवसाचा दुप्पट पगार, किंवा त्या दिवसाचा साधा पगार आणि बदल्यात एक पगारी सुट्टी. निवड कामगाराची, मालकाची नव्हे. बऱ्याच ठिकाणी ‘आपल्याकडे फक्त कॉम्प ऑफ मिळतो’ असं सांगतात आणि माणसं ते मान्य करून मोकळी होतात.

आता हिशोब. महिन्याचा पगार २०,८०० धरा. ऑगस्टमध्ये पाच रविवार वगळता २६ दिवस होते, म्हणजे रोज ८०० रुपये. दुप्पट म्हणजे १,६००, पण त्यातले ८०० मासिक पगारात आधीच धरलेले असतात. त्यामुळे हातात वाढीव ८०० येतात आणि पगार २१,६०० होतो. इथेच गोंधळ होतो: काहीजण पगारावर आणखी १,६०० मागतात, म्हणजे तिप्पट झालं. रोजंदारीवाल्याला मात्र त्या दिवसाचे पूर्ण १,६०० मिळायला हवेत. कंपनी २६ ऐवजी ३० ने भागत असेल तर रोज ६९३ च होतो, म्हणून भागाकार आधीच विचारून घ्यावा.

मी सुट्टी निवडली. १७ तारखेला रविवार होता, म्हणून सोमवार १८ ऑगस्ट मागितला आणि दोन दिवस सलग मिळाले. तारीख जवळची घेतलेली बरी, लांबवली की ती ‘नंतर बघू’मध्ये जाते. अर्ज दोन ओळींचा: ‘१५ ऑगस्टला काम केले आहे. त्याबदल्यात १८ ऑगस्टची पगारी सुट्टी निवडत आहे.’ दोन प्रती केल्या आणि एकीवर ऑफिसची सही व तारीख घेतली.

तरीही मस्टरवर १८ तारखेपुढे ‘सीएल’ पडली होती. पगार २०,८०० च आल्यामुळे पगारपत्रकाच्या रकमेवरून काहीच कळलं नसतं. कळलं ते शिल्लक रजेच्या रकान्यावरून, तिथे एक रजा कमी दिसली. सहीची प्रत दाखवल्यावर नोंद बदलली आणि रजा परत जमा झाली.