को कधी सोडायचा? माझा अनुभव

गो या पटावरच्या खेळात दोघांना एकमेकांची एकेक सोंगटी आलटून पालटून मारता येते अशी जागा म्हणजे को. तो शिकताना मला जो तो एकच सांगायचा : मोठी धमकी दे. मोठी म्हणजे किती, हे कुणी सांगेना. याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून ही मोजणी लिहून ठेवतोय.

नियम अर्ध्या मिनिटात कळतो. कोमधली आपली सोंगटी मारली गेली की मारणारी सोंगटी लगेच उलट मारता येत नाही. आधी दुसरीकडे चाल करायची. समोरच्याने तिला उत्तर दिलं की मग परत मारायचं. ती मधली चाल म्हणजे धमकी.

सोलापुरात आमच्या गल्लीतल्या काकांशी रविवारी डाव असतो. शेंगाचटणीची बोटं पुसल्याशिवाय ते पटाला हात लावू देत नाहीत. त्या डावात कोपऱ्यातल्या त्यांच्या सात पांढऱ्या सोंगट्यांचा जीव कोवर होता. मी को जिंकलो तर सात मेलेल्या, प्रत्येकीचा एक गुण आणि तिच्या रिकाम्या झालेल्या घराचा एक, म्हणजे चौदा गुण, आजूबाजूची पाच रिकामी घरं, एकूण एकोणीस. ते जिंकले तर त्यांना तिथे तीन घरं. म्हणजे को बावीस गुणांचा.

को आधी मी मारला. काकांनी माझ्या बारा सोंगट्यांवर धमकी दिली. नुसत्या सोंगट्यांचेच चोवीस गुण, उत्तर द्यावंच लागलं. त्यांनी को परत मारला. आता धमकी मी द्यायची, आणि इथे माझं घोडं अडलं.

माझ्याकडे सहा-सहा गुणांच्या दोन धमक्या होत्या आणि उजवीकडे एक अठराची : त्यांच्या पाच सोंगट्या तोडल्या तर दहा, आणि लगतची आठ घरं. बावीसच्या वर एकही नाही. काका म्हणाले, “काय रे, संपल्या काय?” मी कितीतरी वेळ पटाकडे बघत बसलो. सहाची खेळून बघावी, ते चुकून उत्तर देतील, असा मोह होत होता. तो आवरा. ते को संपवतील आणि हाती सहाच गुण येतील.

को सोडणाऱ्याला दुसरीकडे सलग दोन चाली मिळतात, हे लक्षात ठेवा. त्या दोन चालींत सर्वांत जास्त कुठे मिळतं, तिथे धमकी द्यायची. मी अठराची खेळलो. काकांनी को भरला, मी पाच सोंगट्या मारल्या. बावीस गेले, अठरा आले. खरा तोटा चार गुणांचाच, शिवाय सहाच्या दोन्ही जागा शेवटासाठी शिल्लक. डाव मी जिंकला, आणि त्या चालीचा मला अभिमान आहे.

धमकी मोजताना उत्तर दिलं तर काय आणि नाही दिलं तर काय, यातला फरक धरा. नुसत्या मरणाऱ्या सोंगट्या मोजू नका. आणि आधी सांगायला हवं होतं ते राहिलंच : को सुरू करण्यापूर्वीच को जितक्या गुणांचा त्याच्या वरच्या दोघांच्या धमक्या मोजा. पहिल्यांदा को मारणाऱ्याला पहिली धमकी शोधावी लागत नाही, ती समोरच्याला शोधावी लागते. दोघांच्या धमक्या सारख्या असतील तर एवढ्यावरच को जिंकता येतो.