दगडी भिंत, कोपऱ्यातला राउटर आणि अकरा दिवसांची तक्रार

सातारा शहरातल्या जुन्या पेठेत आमचे वडिलोपार्जित घर आहे. रस्त्याकडची बैठकीची खोली, मध्ये माजघर आणि मागे पूर्वी कोठीची असलेली खोली अशा तीन खोल्या एकामागे एक आहेत. त्यांच्यामधल्या दोन्ही भिंती काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या आणि पट्टीने मोजल्या तर ४५ सेंटिमीटर जाडीच्या आहेत. मागच्या खोलीत मुलाने गेम खेळण्याचा कन्सोल लावला आणि पहिल्याच आठवड्यात "बाबा, गेम परत अडकला" हे वाक्य दिवसातून चारदा ऐकू येऊ लागले. फायबरची जोडणी घेणे, कन्सोल आणणे, खाते उघडणे हे सारे सुरळीत पार पडले होते, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. अडले ते तक्रारीपाशी.

तक्रार नोंदवल्यावर दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला, राउटरपासून हातभर अंतरावर फोन धरून त्याने वेग मोजला, आकडा ९४ आला, आणि "काका, लाइन ओके आहे" असे म्हणून त्याने तक्रार बंद केली. मागच्या खोलीत चला, अशी विनंती केल्यावर तो आला खरा, पण तिथला ११ चा आकडा पाहून म्हणाला, "वायफायची गॅरंटी आम्ही देत नाही, प्लॅन वाढवून बघा." मी प्लॅन वाढवला. राउटरजवळचा आकडा १९० च्या आसपास गेला आणि मागच्या खोलीत तो ९ आला, म्हणजे पूर्वीपेक्षाही दोनने कमी. वाढीव पैसे फक्त बैठकीच्या खोलीपर्यंत पोचत होते. पुन्हा तक्रार केली. फोनवर पुन्हा "राउटर बंद करून चालू करा", पुन्हा तोच संदेश की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. तिसऱ्या खेपेला मी स्वतः कार्यालयात गेलो, तेव्हा खिडकीपलीकडच्या मुलीने संगणकात पाहून सांगितले की तुमच्याकडे काही दोषच दिसत नाही. तिचे खोटे नव्हते, कारण तिला दिसत होती ती रस्त्यापासून राउटरपर्यंतची फायबर. राउटरपासून कन्सोलपर्यंतचा तुकडा कंपनीच्या कोणत्याही पडद्यावर दिसत नाही, आणि माझा घोटाळा नेमका त्याच तुकड्यात होता. हे समजायला मला तीन खेपा लागल्या, याची चीड अजून गेलेली नाही.

जी चाचणी मी पहिल्या दिवशी करायला हवी होती ती अशी आहे. लॅपटॉप कन्सोलच्या जागी ठेवावा, राउटरची केबल न लावता वायफायवर जोडावा, आणि इंटरनेटवरच्या कुठल्या ठिकाणाला नव्हे तर घरातल्या राउटरलाच हाक मारून पाहावी. विंडोजच्या काळ्या खिडकीत आधी `ipconfig` लिहिले की `Default Gateway` या ओळीत राउटरचा पत्ता दिसतो. माझा होता तो घालून पुढची आज्ञा दिली:

```
ping -n 100 192.168.1.1
```

शंभर हाकांना किती वेळात उत्तर आले ते एकेका ओळीत दिसत जाते आणि शेवटी किती हाका वाया गेल्या त्याचा हिशेब येतो. राउटरच्या खोलीत मला जवळजवळ प्रत्येक उत्तर १ ते ३ मिलिसेकंदांत मिळाले आणि एकही हाक वाया गेली नाही. मागच्या खोलीत काही उत्तरे ४ मिलिसेकंदांत येत होती, मग मध्येच १८०, मध्येच ४१०, आणि शंभरांपैकी सहांना उत्तरच आले नाही. गेम अडकतो तो या मधल्या उसळ्यांमुळे आणि हरवलेल्या हाकांमुळे. चित्रपट पाहताना काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवलेला असल्यामुळे त्याच खोलीत हीच गडबड जाणवत नव्हती, म्हणून "पिक्चर तर नीट दिसतो" हा पुरावा इथे उपयोगाचा नाही. घरातल्या राउटरपर्यंतच उत्तर अडखळत येत असेल तर दोष घरात आहे. राउटरपर्यंत स्वच्छ असेल आणि बाहेरच्या पत्त्याला अडखळत असेल, तरच कंपनीशी भांडण्यात अर्थ आहे.

दोष घरात ठरल्यावर सिग्नलची ताकद मोजली. अँड्रॉइड फोनवर वायफाय मोजणारी मोफत ॲप मिळतात. त्यांत ताकद डेसिबलमध्ये आणि उणे चिन्हासह दिसते, त्यामुळे उणे ४० हे उणे ८० पेक्षा चांगले. आयफोनवर बाहेरच्या ॲपना हा आकडा वाचू दिला जात नाही, म्हणून मुलाचा फोन घ्यावा लागला. तीन डेसिबल घटले की शक्ती निम्मी होते आणि दहा घटले की दशांश उरते, एवढे ध्यानात ठेवले की पुरते. माझ्या अनुभवात उणे ६७ पर्यंत गेम विनातक्रार चालतो, उणे ७५ च्या पलीकडे रडारड सुरू होते. मोजताना फोन छातीशी धरू नये. पाठ राउटरकडे असली तर आपले शरीरच आडवे येते, कारण शरीरात पाणी असते आणि पाणी या लहरी शोषते. फोन कन्सोलच्याच उंचीवर टेकवून ठेवावा, आकडा स्थिरावू द्यावा, आणि वीतभर इकडे-तिकडे सरकवून चार-पाच नोंदी घेऊन त्यांची सरासरी धरावी. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना काही जागी छेदतात, त्यामुळे चार बोटे सरकल्यानेही आकडा बदलतो आणि एकाच नोंदीवर विसंबले तर फसगत होते.

राउटर ५ गिगाहर्ट्‌झ आणि २.४ गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांवर प्रसारण करतो. मी दोघांना वेगवेगळी नावे दिली आणि बैठक व माजघर यांच्यामधल्या भिंतीच्या दोन्ही अंगांना, भिंतीपासून फूटभर अंतरावर मोजले. ५ वर अलीकडे उणे ४७ आणि पलीकडे उणे ६३ आले, तर २.४ वर अलीकडे उणे ४४ आणि पलीकडे उणे ५३. यातले सुमारे तीन डेसिबल अंतर वाढल्यामुळे गेले, बाकीचे भिंतीने खाल्ले. म्हणजे एकच दगडी भिंत ५ गिगाहर्ट्‌झच्या शक्तीचा जेमतेम विसावा भाग पुढे जाऊ देत होती आणि अशा भिंती दोन होत्या. मोरीच्या बाजूची साडेचार इंची विटांची भिंत त्याच पद्धतीने मोजली तेव्हा तिने चारच डेसिबल घेतले होते. कन्सोलच्या जागी ५ वर उणे ८४ मिळत होते आणि २.४ वर उणे ७४. मग २.४ वरच का राहिलो नाही, असे कोणी विचारेल; पण पेठेत घराला घर लागून असल्यामुळे त्या पट्ट्यावर शेजाऱ्यांची अकरा नावे दिसत होती, आणि ताकद बरी असूनही उसळ्या तशाच राहिल्या.

इतके सगळे झाल्यावर घराचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढला आणि राउटरपासून कन्सोलपर्यंत पट्टीने सरळ रेघ मारली. जोडणी करणाऱ्याने राउटर बसवला होता तो फायबर खिडकीतून जिथे आत आली त्या कोपऱ्यात, जमिनीपासून दोन फुटांवर, लोखंडी कपाटाच्या मागे. रेघ आधी कपाटातून जात होती आणि मग दोन्ही भिंतींना तिरकी भेटत होती. भिंत ४५ सेंटिमीटरची असली तरी ४५ अंशांच्या कोनातून गेलेल्या लहरीला सुमारे ६४ सेंटिमीटर दगड ओलांडावा लागतो. आणि कागदावर लगेच दुसरी गोष्ट दिसली. आमच्या घराची दारे, जुन्या घरांत असतात तशी, एका ओळीत आहेत. राउटर कोपऱ्यातून दोन-अडीच मीटर सरकवून दारांच्या ओळीत आणला तर रेघ दोन्ही दारांमधून थेट कन्सोलपर्यंत जात होती आणि एकही दगड आडवा येत नव्हता.

फायबर हलवण्याआधी खात्री हवी होती, म्हणून एका फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर सुरू केला आणि तो आधी कोपऱ्यात, मग दारांच्या ओळीत जमिनीपासून पाच फुटांवर ठेवून मागच्या खोलीतल्या दुसऱ्या फोनवर मोजले. फोनचे प्रसारण राउटरपेक्षा क्षीण असते, त्यामुळे मूळ आकड्यांना महत्त्व नाही. दोन जागांमधला फरक महत्त्वाचा. कोपऱ्यातून उणे ८९ मिळाले आणि दारांच्या ओळीतून उणे ७३, म्हणजे सोळाचा फायदा. हा कागद घेऊन मी कार्यालयात गेलो आणि वेगाचा शब्दही न काढता फक्त राउटर सरकवून मागितला. "फायबर तेवढी पोचणार नाही" हे उत्तर तयारच होते. अकराव्या दिवशी माणूस आला, त्याने खिडकीजवळची पेटी उघडली, आणि आत तीन मीटर जादा फायबर वेटोळे घालून ठेवलेली होती. काम वीस मिनिटांत संपले. फायबर आपण स्वतः ओढू नये आणि बांगडीपेक्षा लहान वेटोळ्यात वळवू नये, कारण काचेची तार तीव्र वळणावर प्रकाश सोडते. हे त्यानेच मला, जरा उशिरा का होईना, समजावून सांगितले.

राउटर आता मोकळ्या फळीवर आहे आणि अँटेना उभे आहेत, कारण अँटेनाचे प्रसारण आडव्या दिशेने पसरते आणि टोकाच्या दिशेने कमी असते. कन्सोलच्या जागी उणे ६७ मिळतात. दारे बंद केली की प्रत्येक लाकडी दारामागे तीन-चार डेसिबल जातात, म्हणून रात्री गेम चालू असताना माजघराचे दार उघडे ठेवण्याचा करार हिने मुलाशी केला आहे. कन्सोल टीव्हीच्या मागून काढून बाजूला ठेवल्याने आणखी चार मिळाले, कारण टीव्हीच्या मागे धातूचा पत्रा असतो. हे मला अगदी शेवटी सुचले, खरे तर सगळ्यात आधी करून पाहायला हवे होते. राउटरला पुन्हा शंभर हाका मारल्या तेव्हा सर्वांत उशिराचे उत्तर ९ मिलिसेकंदांत आले आणि एकही हाक वाया गेली नाही.

ज्यांची दारे अशी ओळीत नाहीत आणि दोन दगडी भिंती टळतच नाहीत, त्यांनी जागा शोधण्यात आठवडा घालवू नये. छताखालून पंधरा मीटर लॅन केबल ओढून सरळ कन्सोलला लावावी, फक्त ती विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नये. भिंतीवर चिकटवून दिसण्याची लाज वाटत असेल तर चुन्याच्या रंगाची पांढरी केबल मिळते. मीही तीच मागवणार होतो. वाढवलेला प्लॅन मात्र कमी करता येत नाही, तीन महिन्यांची अट आहे असे कळले, आणि त्या अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवला आहे.