घर रिकामं करण्याची नोटीस: माझा अनुभव

आमचा जळगावातला तळमजल्यावरचा फ्लॅट चार वर्षांपासून एका कुटुंबाला भाड्याने दिलेला होता. नोव्हेंबरात चोपड्याला आई जिन्यावरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. तिला जिना नसलेल्या घरात, आमच्यासोबत ठेवणं भाग होतं.

अकरा महिन्यांचा करार 31 जानेवारीला संपत होता. त्यांची मुलगी दहावीला, म्हणजे परीक्षा नेमकी त्यानंतर. कुणाला दुखवू नये म्हणून मी लिहिलं, "घराची आम्हाला गरज आहे, आपण सोयीने, शक्य तितक्या लवकर फ्लॅट रिकामा करावा."

चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भाऊ, सोयीने म्हणजे कधी?" त्यांनी मुलीची सराव परीक्षा चालू असतानाच घरं बघायला सुरुवात केली होती. माझ्या गोड शब्दांनी त्यांची झोप उडवली होती. मला फार वाईट वाटलं.

दुसरं पत्र मी 10 डिसेंबरला दिलं. त्यात कराराची तारीख, आईचं कारण आणि पुढची वाक्यं होती: "मुलीची परीक्षा लक्षात घेऊन आपण 31 मार्चपर्यंत राहावे. त्या दिवशी ताबा द्यावा. आधी घर मिळाल्यास आठ दिवस अगोदर कळवून केव्हाही जाता येईल, भाडे तेवढ्याच दिवसांचे घेऊ." एक प्रत हातात दिली, दुसरीवर त्यांची तारखेसह सही घेतली.

पण नुसतं पत्र पुरत नाही, हे वकिलांनी सांगितलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. म्हणजे वाढीव दोन महिने कागदावर नसतील, तर उद्या वाद झाल्यावर तेच अडचणीत येतील, आणि भाडं घेत राहिल्याने माझीही बाजू गोंधळाची होईल. म्हणून 1 फेब्रुवारी ते 31 मार्च असा दोन महिन्यांचा नवा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवला. भाडं तेच ठेवलं.

डिपॉझिट तीस हजार होतं. नवीन घरमालकाला आधी डिपॉझिट द्यावं लागतं आणि जुनं मात्र चावी दिल्यावर मिळतं, इथेच भाडेकरूची खरी ओढाताण होते. म्हणून मी फेब्रुवारीतच पंधरा हजार परत केले आणि सहीची पावती घेतली. परीक्षा संपेपर्यंत घर बघायला, मापं घ्यायला कुणालाच पाठवलं नाही. सुताराचा तगादा होता, तरी थांबवला.

29 मार्चला त्यांनी चावी दिली. मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून लिहिलं. शेवटच्या लाइट बिलासाठी दोन हजार ठेवून तेरा हजार तिथेच दिले, आणि बिल आल्यावर त्यातली उरलेली रक्कमही पाठवली.

जाताना वहिनी म्हणाल्या, "आईंना मोरीत घसरायला होईल, तिथं धरायला दांडा लावून घ्या भाऊ." आई यायच्या आत तो लावला.