भाऊबीजेनंतरची दुपार

परभणी, मंगळवार.

भाऊबीजेसाठी आलेल्या वन्सं आज दुपारी माडीवर माझ्यापाशी बसल्या आणि कोणतीही प्रस्तावना न करता त्यांनी विचारले, "आयव्हीएफचं काय ठरवलंस?" लग्नाला नऊ वर्षे झाली, माझे वय छत्तीस, आययूआय चार वेळा करून झाले, तरीही हा प्रश्न घरात असा थेट आजवर कोणी विचारला नव्हता.

मी माझी भीती सांगितली. सासूबाईंचे म्हणणे असे की इंजेक्शने घेऊन एकदम इतकी बीजे काढली तर पुढच्या वर्षांची शिल्लक संपते. वन्सं म्हणाल्या, "तसं नसतं गं. दर महिन्याला अनेक बीजं वाढायला लागतात, एक पिकतं आणि बाकीची आपोआप जिरून जातात. इंजेक्शन त्या जिरणाऱ्यांनाच वाढवतं." माझा एएमएच १.१ आहे. त्यावरून बीजे किती निघतील याचा अंदाज येतो, ती कशी निघतील याचा नाही. ते बरेचसे वयावर असते, हेही त्यांनीच सांगितले.

मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली, जी मला आजवर अर्धीच माहीत होती. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून अकरा दिवस पोटात इंजेक्शने, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, शेवटचे इंजेक्शन रात्री ठरल्या वेळी, आणि त्यानंतर पस्तीस तासांनी भूल देऊन बीजे काढली. नऊ निघाली. त्यांतली सात पक्व होती, पाच फळली आणि पाचव्या दिवसापर्यंत दोनच गर्भ टिकले. "नऊ ऐकून मी पेढे वाटायच्या बेतात होते," असे म्हणून त्या हसल्या. पहिला गर्भ रुजलाच नाही, हे चौदाव्या दिवशीच्या रक्ततपासणीत कळले. गोठवलेला दुसरा रुजला, पण सातव्या आठवड्यात ठोके दिसले नाहीत. पुढे त्या गेल्या नाहीत.

"मग मला कर म्हणता की नको म्हणता?" असे मी विचारले, तेव्हा त्या बराच वेळ उन्हात टाकलेल्या शेवयांकडे पाहत राहिल्या.

"कर. पण एकाच खेपेचा पैसा हाताशी असेल, तर ती खेप फसेल असं धरून आधी हिशोब मांड. गोठवण्याचे आणि पुढच्या वेळी गर्भ सोडण्याचे पैसे वेगळे लागतात का, ते लिहून घे. आणि दादाची तपासणी कधी झाली होती?"

तीन वर्षांपूर्वी, एकदाच. मला ओशाळल्यासारखे झाले. माझ्या रिपोर्टांची फाईल हाताएवढी जाड झाली आहे आणि यांचा एक कागद, तोही जुना.

रात्री यांच्याशी बोलले. सोयाबीनचे पैसे आले की पाडव्यापर्यंत थांबू, असे ते म्हणाले. थांबणे आता मला परवडणारे नाही, असे मी म्हणाले. शनिवारी ते तपासणीला येणार आहेत. माझी पाळी अठरा तारखेच्या आसपास आहे.